तळटीप : दाखला

मूळ अर्जात 'दाखला' तीनदा येतो. इंग्रजी नमुन्यात तिन्ही ठिकाणी एकच शब्द चालत नाही. तहसीलदाराने दिलेला उत्पन्नाचा दाखला म्हणजे 'इन्कम सर्टिफिकेट', इथे अडचण नाही. शाळा सोडल्याचा दाखला महाराष्ट्रात 'लीव्हिंग सर्टिफिकेट'. दिल्लीकडचे फॉर्म मात्र बहुधा तोच कागद 'ट्रान्सफर सर्टिफिकेट' म्हणून मागतात. 'शासन निर्णयाचा दाखला दिला आहे' यातला दाखला कागद नव्हेच, तो संदर्भ. तिथे 'सर्टिफिकेट' लिहिले, की कारकून अस्तित्वातच नसलेले जोडपत्र मागत बसणार! भाषांतरित फॉर्मसोबत मूळ मराठी दाखल्याची प्रत जोडावी.