घाट लपलेल्या थरांचा, थर उघड्या नटण्याचे

टोकियोच्या हाराजुकु भागातला एक मोठा रस्ता १९९८ पर्यंत रविवारी गाड्यांना बंद असे. आपल्या द्वारका चौकात असं झालं तर, बघा! त्या मोकळ्या रस्त्यावर तरुण मंडळी नटून येत. शोइची आओकी त्यांचे फोटो काढत, आणि १९९७ मध्ये त्यांनी ‘फ्रूट्स’ हे मासिकच सुरू केलं. त्यात दिसणाऱ्या दोन तऱ्हा आपण पाहू.

लोलिता म्हटलं की नाबोकोव्हची कादंबरी आठवते, पण इथे नजर युरोपातल्या जुन्या बालपोशाखांकडे आहे. गुडघ्यापर्यंतचा घागरा घंटेसारखा फुगतो, तो आतल्या जाळीदार परकरामुळे. वर बंद गळ्याचं ब्लाउज, डोक्याला रिबीन. रंग दोन-तीनच, एकमेकांशी जुळलेले: गोड प्रकारात फिका गुलाबी, गॉथिकमध्ये काळा. परकर काढा, घागरा लगेच लोंबतो आणि लोलिता संपते. म्हणजे महत्त्वाचा थर दिसतच नाही.

डेकोरात सगळं उलट. साध्या टी-शर्टवर आणखी टी-शर्ट, घागऱ्याखाली पट्ट्यापट्ट्यांचे मोजे, तेही एकावर एक. केसांत इतक्या प्लास्टिकच्या क्लिपा की कपाळावरचे केस झाकले जावेत. गळ्यात मण्यांच्या माळा, मनगटभर कडी. गुलाबी, पिवळा, निळा सगळे भडक आणि शेजारीशेजारी. दहा क्लिपा काढल्या तरी काही बिघडत नाही, कारण इथे घाट असा नाहीच. आम्हांला विचाराल तर डेकोरा अधिक अवघड: कुठे थांबायचं ते आरशालाच विचारावं लागतं.