टक्क्याचे बटण नेमके काय करते? शेकड्याचा हिशेब आणि कॅल्क्युलेटर

आधी एक छोटा प्रयोग करा. हाताशी असलेला कॅल्क्युलेटर घ्या आणि ही बटणे याच क्रमाने दाबा. `%` नंतर उत्तर दिसले नाही, तरच `=` दाबा.

```
200 + 10 %
```

आता मित्राच्या कॅल्क्युलेटरवर, मोबाइलवर आणि संगणकावर हेच करून पाहा. बहुतेक ठिकाणी `220` येईल. पण काही यंत्रांवर `222.22…` येईल, काहींवर `2100`, तर काहींवर `200.1`. या चारपैकी एकही यंत्र बिघडलेले नाही. प्रत्येकाने आपल्याला नेमून दिलेले काम बरोबर केले आहे. फरक आहे तो नेमून दिलेल्या कामात. तो कुठून आला, हे या टिपणात पाहू.

टक्का कशाचा?

शाळेत आपण ‘द.सा.द.शे.’ शिकलो: दर साल, दर शेकडा. या चार अक्षरांत टक्केवारीचे मर्म आहे. ‘१० टक्के’ एवढ्यावरून कुठलीच रक्कम ठरत नाही. दर शंभराला दहा हे कळले, तरी ते शंभर कोणत्या रकमेतले हे सांगावेच लागते. त्या रकमेला आपण ‘पाया’ म्हणू. बोलताना पाया गृहीत असतो. ‘दोनशेवर दहा टक्के चढव’ म्हटले की दोनशेचेच दहा टक्के, हे ऐकणाऱ्याला आपोआप समजते.

पण पाया नेहमी इतका उघड नसतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) व्याजाचे एक उदाहरण आहे. दरमहा शेकडा ५ या दराने एका वर्षाने मुद्दल आणि व्याज मिळून १००० झाले, तर मुद्दल किती आणि व्याज किती? वर्षाला शेकडा ६० व्याज होते, म्हणून १००० मधून ६० टक्के वजा करण्याचा मोह होतो. तसे केले तर मुद्दल ४०० येते आणि ते चूक आहे. ते ६० टक्के मुद्दलाचे आहेत, १००० चे नाहीत. शंभराचे १६० होतात, म्हणून मुद्दल १००० × १०० ÷ १६० = ६२५ आणि व्याज ३७५. हे उदाहरण लक्षात ठेवा. शेवटी ते पुन्हा उपयोगी पडेल.

यंत्राला काय आठवते?

साधा कॅल्क्युलेटर पूर्ण गणित वाचून मग सोडवत नाही. तुम्ही बटणे दाबाल तसा तो पुढे जातो. `%` दाबण्याच्या क्षणी त्याच्याजवळ तीनच गोष्टी असतात: आधीची संख्या, अजून न केलेली क्रिया (`+`, `−`, `×` किंवा `÷`) आणि नुकतीच टाकलेली संख्या. पाया कोणता हे विचारण्याची सोय त्याच्यात नाही. तेव्हा यंत्र बनवणाऱ्यानेच तो आधी ठरवून ठेवलेला असतो.

सर्वांत जास्त रूढ झालेला नियम असा: बेरीज किंवा वजाबाकी अर्धवट असेल, तर आधीची संख्या हाच पाया. गुणाकार किंवा भागाकार अर्धवट असेल, तर टाकलेल्या संख्येला फक्त शंभराने भागायचे. आधीची संख्या a आणि नुकतीच टाकलेली b मानली, तर नियम असा लिहिता येईल:

```
if op is + or - :  b = a * b / 100
if op is * or / :  b = b / 100
```

विंडोज संगणकावरील कॅल्क्युलेटरच्या ‘स्टँडर्ड’ प्रकारात हाच नियम आहे. त्याचा मूळ कोड २०१९ पासून सर्वांसाठी खुला आहे. तिथे `200 + 10 %` दाबले की आधी `20` दिसते. म्हणजे `%` ने बेरीज केली नाही, फक्त १० च्या जागी २० ठेवले. नंतर `=` दाबल्यावर `220` मिळते. काही हातातल्या यंत्रांत मात्र `%` दाबताच बेरीजही उरकून जाते. उत्तर तेच असते, फक्त मधली पायरी दिसत नाही.

हीच कल्पना ह्यूलेट-पॅकार्डच्या व्यापारी कॅल्क्युलेटरांत फार स्वच्छ दिसते. त्यांचे एचपी-८० हे यंत्र १९७३ मध्ये आले आणि एचपी-१२सी १९८१ मध्ये. एचपी-१२सीवर `200 ENTER 10 %` दाबले की `20` दिसते. इतर क्रियांत दोन्ही संख्या खर्च होऊन एक उत्तर उरते, पण `%` मध्ये पाया असलेले २०० यंत्राच्या साठ्यात तसेच राहते. म्हणून पुढे नुसते `+` दाबले की २२० आणि `−` दाबले की १८०. पाया टिकवून ठेवणे हा त्या बटणाच्या कामाचाच भाग आहे.

या नियमाचा एक परिणाम ध्यानात घ्या. आधीची संख्या म्हणजे तोवरची बेरीज. `300 + 200 + 10 %` दाबले तर दहा टक्के २०० चे नव्हे, तर ५०० चे घेतले जातात आणि उत्तर `550` येते. तसेच २०० वर १० टक्के चढवून, आलेल्या उत्तरातून १० टक्के उतरवले, तर २०० परत येत नाहीत, `198` येतात. दुसऱ्या वेळी पाया २२० झालेला असतो.

दुकानदाराचा प्रश्न वेगळा

आता `222.22…` कडे वळू. कॅसिओच्या अनेक साध्या टेबलावरच्या कॅल्क्युलेटरांवर हे उत्तर येते. त्यामागे व्यापारातला एक खरा प्रश्न आहे. दुकानदाराला एखादी वस्तू ४८० रुपयांना पडली आणि त्याला विक्रीच्या किमतीवर २५ टक्के नफा सुटायला हवा. मग विकायची केवढ्याला? ४८० वर २५ टक्के चढवून ६०० ला विकली, तर नफा १२० रुपये होतो. पण तो विक्रीच्या २० टक्केच आहे. २५ टक्के हवे असतील तर ४८० ही विक्रीच्या किमतीची ७५ टक्के असायला हवी. म्हणून ४८० ÷ ०.७५ = ६४०. नफा १६० आणि तो ६४० चा बरोबर चौथा हिस्सा.

या यंत्रांवर `480 + 25 %` दाबले की थेट `640` येते. म्हणजे इथे पाया आधीची संख्या नसून येणारे उत्तर आहे. आपल्या प्रयोगातही यंत्राने २०० ला ०.९० ने भागले. नेहमीची वाढ हवी असेल, तर अशा यंत्रावर क्रम वेगळा आहे:

```
200 × 10 % +
200 × 10 % −
```

पहिल्याने `220` आणि दुसऱ्याने `180` मिळते. काही कंपन्यांनी हा घोळ टाळण्यासाठी नफ्याच्या हिशेबाला `MU` असे स्वतंत्र बटणच दिले.

उरलेली दोन उत्तरे तुमच्या दप्तरातल्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरची आहेत. कॅसिओच्या एफएक्स-८२एमएसवर `%` हे `SHIFT` दाबून मिळते आणि बेरजेबरोबर ते तिसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देते: ५०० ग्रॅमच्या नमुन्यात ३०० ग्रॅम भर घातली, तर नवे वजन मूळच्या किती टक्के? त्यासाठी `300 + 500` टाकून `%` घ्यायचे, उत्तर `160`. इथे पाया दुसरी संख्या आहे. म्हणून आपल्या प्रयोगात यंत्राने २१० हे १० च्या किती टक्के ते काढले आणि `2100` दाखवले. नंतरच्या ईएस मालिकेत संपूर्ण पदावली आधी लिहून मग सोडवली जाते. तिथे `10%` म्हणजे फक्त 0.1, म्हणून `200.1`. अशा यंत्रावर `200 + 200 × 10%` असे पूर्ण लिहावे लागते. मेहनत थोडी जास्त, पण पाया तुम्ही स्वतः सांगता.

बटण जिथे हमखास फसवते

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र रूढ नियम पाळणाऱ्या यंत्रावरच होते. समजा, एका उपकरणाचे बिल १८ टक्के जीएसटी धरून ११,८०० रुपयांचे आहे. त्यात मूळ किंमत किती आणि कर किती? पुष्कळ जण हे दाबतात:

```
11800 − 18 %
```

उत्तर `9676` येते आणि कर २,१२४ रुपये असल्याचे लिहिले जाते. खरी मूळ किंमत १०,००० आणि कर १,८०० आहे. चूक ३२४ रुपयांची. ही ३२४ कुठून आली? ते १,८०० चे बरोबर १८ टक्के आहेत. जीएसटी आकारला होता मूळ किमतीवर, पण यंत्राने पाया धरला कर मिळवलेल्या किमतीचा. म्हणजे करावरही कर काढला गेला.

हे लीलावतीतलेच उदाहरण आहे. मुद्दल आणि व्याज मिसळलेल्या रकमेतून मुद्दल वेगळे काढायचे असेल, तर वजाबाकी चालत नाही, भागावे लागते:

```
11800 ÷ 1.18 =
```

आता `10000` येते. २०१७ मध्ये जीएसटी लागू झाल्यानंतर त्यासाठी खास बटणे असलेले कॅल्क्युलेटरही बाजारात आले. त्यांतले कर वगळण्याचे बटण हाच भागाकार करते.

चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. आलेल्या मूळ किमतीवर पुन्हा १८ टक्के चढवा. ९,६७६ चे ११,४१७.६८ होतात, ११,८०० होत नाहीत. जिथून निघालो तिथे परतलो नाही, म्हणजे पाया चुकला.

करून पाहा

नवे यंत्र हाती आले की आधी `200 + 10 %` दाबा आणि उत्तरावरून त्याचा पाया ओळखा. `220` आले तर पाया पहिली संख्या. `222.22…` आले तर पाया उत्तर. `2100` आले तर पाया दुसरी संख्या. `200.1` आले तर पाया कोणताच नाही, नुसता शंभराने भागाकार. मग हे उदाहरण सोडवा: २० टक्के सूट देऊन एक पुस्तक ३६० रुपयांना मिळाले. छापील किंमत किती? `360 + 20 %` दाबून रूढ यंत्रावर `432` येते, तर कॅसिओच्या टेबलावरच्या यंत्रावर `450`. यांपैकी बरोबर कोणते, आणि ते यंत्र इथे बरोबर का ठरले, हे वहीत दोन ओळींत लिहा.