सचिनला वाचवणारी ती रेघ किती अचूक असते?

३० मार्च २०११, मोहाली. वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमध्ये सचिन २३ वर असताना सईद अजमलच्या चेंडूवर अंपायर इयान गोल्ड यांनी त्याला एलबीडब्ल्यू दिलं. रिव्ह्यूत चेंडू लेग स्टंपच्या बाहेरून जाताना दिसला. सचिनने पुढे ८५ धावा केल्या.

पण स्क्रीनवरची ती रेघ सगळीच 'पाहिलेली' नसते. मैदानाभोवतीचे कॅमेरे प्रत्येक फ्रेममध्ये चेंडू शोधतात, वेगवेगळ्या कोनांवरून त्याची जागा काढतात. हे फक्त पॅडपर्यंत. पुढचा मार्ग गणिताने काढलेला अंदाज असतो.

समजा, टप्प्यानंतर ४० सेंटीमीटरच मार्ग दिसला आणि तेवढ्यात दिशा ५ मिलिमीटरने चुकली. स्टंप टप्प्यापासून २ मीटरवर असतील, तर तिथे पोहोचेपर्यंत तीच चूक २५ मिलिमीटरची होते. अख्खा चेंडूच साधारण ७२ मिलिमीटरचा! 'अंपायर्स कॉल' आहे तो यासाठीच. अर्ध्याहून कमी चेंडू स्टंपला लागतोय असं दिसलं, तर मैदानावरच्या अंपायरचा निर्णय कायम राहतो.

टेनिसमध्ये काम सोपं, कारण चेंडू प्रत्यक्ष कोर्टवर पडलेला असतो. हॉक-आयने तिथली सरासरी चूक पूर्वी ३.६ मिलिमीटर सांगितली होती. सरासरी, बरं का! एखाद्या चेंडूला ती जास्तही असू शकते.