पाय थांबले, वाक्य चालत राहिले: ‘गोइंग टू’चे ‘गॉना’ कसे झाले? (थ्रेड)

इंग्रजी चित्रपट पाहणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर ‘आय ॲम गॉना सी हिम’ हे वाक्य पडलेले असते. पण ‘आय ॲम गॉना लंडन’ असे कोणी म्हणालेले ऐकले आहे का? ऐकलेले नसणार. लंडनला निघालेला माणूस कितीही घाईत असला, कितीही अशिक्षित असला, तरी तो ‘गोइंग टू लंडन’ असेच पूर्ण म्हणतो. ‘गॉना’ हा आळशी जिभेचा उच्चार असेल, तर ही जीभ नेमकी लंडनचे नाव आले की शिस्तीत कशी येते? या कोड्याचे उत्तर शोधण्यासाठी पाचशे वर्षे मागे जावे लागते.

त्यापूर्वी घरचे एक उदाहरण. ‘मला आता डोळे मिटून झोपायला पाहिजे.’ या वाक्यात ‘पाहणे’ कोठे आहे? डोळे तर मिटायचे आहेत! जुन्या मराठीत ‘कीजे’ म्हणजे केले जाते, ‘बोलिजे’ म्हणजे बोलले जाते. त्याच साच्यातले ‘पाहिजे’ म्हणजे पाहिले जाते, शोधले जाते. जे शोधले जाते ते हवे असते. जे हवे असते ते हळूहळू आवश्यक ठरते. अर्थाची ही पायरी चढता चढता ‘पाहणे’ नाहीसे झाले आणि उरला तो केवळ गरज दाखवणारा व्याकरणाचा एक खिळा. (‘म्हणजे’ हा शब्दही याच साच्यातला; मूळ ‘म्हणिजे’, म्हणजे म्हटले जाते.) भरीव अर्थाचा शब्द झिजून व्याकरणाचे साधन बनतो, या प्रक्रियेला भाषाशास्त्रात व्याकरणीकरण म्हणतात. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ अंत्वान मेये यांनी १९१२ साली एका निबंधात ही संज्ञा या अर्थाने रूढ केली.

आता ‘गोइंग टू’कडे. या कथेचा पहिला साक्षीदार म्हणून बहुतेक अभ्यासक १४८२च्या सुमारास लंडनमध्ये छापलेल्या एका पुस्तकाकडे बोट दाखवतात. एका मठवासीयाला झालेल्या परलोकदर्शनाचा तो वृत्तान्त. मूळ लॅटिन, छापले गेले ते इंग्रजी भाषांतर. त्यात एका दुर्दैवी आत्म्याला त्याचे शत्रू विजयाच्या थाटात नेत आहेत, आणि तो आत्मा ‘गोइंग टू बी ब्रॉट’, म्हणजे नरकात ‘आणला जाण्यास जात’ आहे.

हा पुरावा पक्का आहे का? अडचण येथेच आहे. आत्मा खरोखरच वाटेवर आहे, त्यामुळे ‘जात आहे’ हा साधा अर्थ पूर्णपणे लागू पडतो. पण क्रियापद कर्मणी आहे. नरकात नेले जाणे हा काही त्या आत्म्याचा हेतू नव्हे. माणूस कामासाठी जातो तेव्हा हेतू त्याचा असतो. येथे हेतू नाही, समोर उभे ठाकलेले भवितव्य आहे. म्हणून काही अभ्यासक हे भविष्यकाळाचे पहिले उदाहरण मानतात, तर काही ते मानायला तयार नाहीत. दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे असू शकते, कारण असा बदल प्रथम नेहमी दुहेरी अर्थाच्या वाक्यांतच घडतो. बोलणाऱ्याच्या मनात एक अर्थ, ऐकणाऱ्याच्या मनात दुसरा, आणि संवाद मात्र बिनबोभाट पार पडतो. वाक्यावर ओरखडासुद्धा उमटत नाही. मग इतिहासकाराला काय सापडणार?

ही सांधेबदल प्रत्यक्ष पाहायची असेल तर शेक्सपिअरच्या ‘व्हेरोनाचे दोन सद्गृहस्थ’ या नाटकातील प्रसंग घ्यावा. सोळाव्या शतकाच्या अखेरचे हे नाटक. व्हॅलेंटाइन लगबगीने निघाला आहे आणि ड्यूक त्याला अडवून विचारतो की इतक्या घाईने कोठे? प्रश्न ‘कोठे’चा आहे. व्हॅलेंटाइन मात्र ठिकाण सांगतच नाही. एक निरोप्या माझी पत्रे नेण्यासाठी थांबला आहे आणि ती मी द्यायला जातो आहे, असे तो म्हणतो. शब्द तेच, ‘गोइंग टू’. तो चालतो आहे हे ड्यूकला दिसतेच. ते सांगण्याची गरज नाही. नवी माहिती आहे ती त्याच्या बेताची. ऐकणारा चालणे सोडून देतो आणि बेत तेवढा उचलतो. (गंमत अशी की हा बेतही खोटाच आहे. झग्याखाली दोरीची शिडी लपवून तो ड्यूकच्याच मुलीला पळवून न्यायला निघाला आहे, आणि ड्यूकला याची खबर आधीच लागली आहे.)

असे संवाद रस्त्यावर, बाजारात, घरात हजारो वेळा घडले. दर वेळी चालणे थोडे फिके झाले आणि बेत थोडा गडद.

मग बदल झाला हे केव्हा म्हणता येईल? कसोटी सोपी आहे: ज्या वाक्यात चालणे शक्यच नाही अशा वाक्यात ‘गोइंग टू’ सापडले पाहिजे. १६११च्या ‘नास्तिकाची शोकांतिका’ या नाटकात असे वाक्य सापडते. दोरी मिळाली नाही म्हणून एक माणूस स्वतःच्या पायांतल्या, मोजे बांधायच्या पट्ट्या सोडतो. तो फास ‘करायला जात’ असतानाच सांगणारा संधी साधून पळ काढतो. फास करायला कोणी चालत कोठे जात नाही. हातात पट्ट्या आहेत, माणूस उभ्या जागी आहे. पळाला तो दुसराच! येथे ‘गोइंग टू’चा अर्थ ‘करण्याच्या बेतात’ एवढाच उरला आहे.

१६२८ साली जॉन अर्ल यांच्या व्यक्तिचित्रांच्या पुस्तकात फटके खाण्याच्या बेतात असलेला, कपड्यांच्या नाड्यांशी चाळा करणारा शाळकरी मुलगा येतो, आणि तेथेही हाच प्रयोग आहे. फटके खाण्याचा ‘बेत’ कोणता मुलगा करील? म्हणजे आता हेतूही गळाला आणि नुसते ‘लवकरच घडणार’ एवढेच उरले.

यानंतर १६४६ साली जोशुआ पूल या शाळामास्तरांचे व्याकरणाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांचे काम इंग्रज मुलांना लॅटिन शिकवण्याचे. लॅटिनमध्ये ‘मरणार असलेला’ अशा अर्थाचे एक भविष्यवाचक धातुसाधित आहे. इंग्रजीत ते ओळखावे कसे, हे सांगताना पूल यांनी ‘अबाउट टू’ आणि ‘गोइंग टू’ ही त्याची खूण म्हणून दिली. हा दाखला मोलाचा आहे. बोलीतील नव्या लकबी शाळामास्तरांच्या नजरेला सहसा चुका म्हणूनच येतात. त्यांपैकी एखादा ती नियम म्हणून मुलांना शिकवू लागतो, तेव्हा ती बरीच जुनी झालेली असते.

अर्थ बदलला तसा वाक्याचा सांधाही सरकला. पूर्वी ‘मी जात आहे’ हा एक तुकडा आणि ‘त्याला भेटण्यास’ हा दुसरा; ‘टू’ दुसऱ्या तुकड्याचा. आता ‘गोइंग’ आणि ‘टू’ एकत्र बांधले जाऊन भविष्याची एकच खूण झाली आणि ‘भेटणे’ हे मुख्य क्रियापद झाले. सांधा सरकल्याचे लक्षण असे की ‘आय ॲम गोइंग टू गो’ हे वाक्य इंग्रज कानाला मुळीच खटकत नाही. पहिले ‘गो’ आता जाणे उरलेलेच नाही. नाही तर ‘मी जायला जात आहे’ असा विनोद झाला असता.

पहिल्या कोड्याची उकल येथे होते. जे दोन शब्द एकच खूण झाले, तेच एकमेकांत विरघळू शकतात. लंडनला जाताना ‘टू’ लंडनचा असतो, ‘गोइंग’चा नव्हे, म्हणून तेथे ‘गॉना’ होत नाही. ज्याला गावंढळ उच्चार म्हणून हिणवले जाते, तो वाक्यरचनेचा हा बारीक भेद कधी चुकत नाही. शुद्धतेच्या अभिमान्यांनी ‘गॉना’वर केलेली टीका म्हणूनच फारशी गांभीर्याने घेण्यासारखी नाही.

ध्वनीची झीज मात्र अर्थाच्या बरीच मागून कागदावर आली. १८०६ सालच्या एका स्कॉटिश कवितासंग्रहात ‘गॅना’ असे रूप छापलेले आढळते. ‘गॉना’ हे आजचे रूप १९१३च्या एका अमेरिकन काउबॉय कादंबरीत. म्हणजे अर्थ पालटल्यावर निदान दीड शतकाने झीज छापली गेली. कारण उघड आहे: खूण वारंवार येते, तिच्यावर आघात पडत नाही, आणि ऐकणाऱ्याला ती अर्धी ऐकूनही कळते. आफ्रिकी-अमेरिकन बोलीत तर ‘आय ॲम गॉना’ एवढे सगळे ‘आयमा’मध्ये मावते.

इंग्रजीच्या आधीच्या भविष्यदर्शक शब्दांचीही हीच कुळकथा आहे. ‘विल’ म्हणजे पूर्वी इच्छिणे, ‘शॅल’ म्हणजे देणे लागणे. एक खूण झिजली की बोलणारे दुसरी घडवतात, आणि जुनी काही काळ शेजारीच नांदते.

‘जाणे’ या धातूचा हा प्रवास इंग्रजीतच घडला असेही नाही. हिंदीतील ‘करेगा’मधला ‘गा’ हा संस्कृत ‘गत’, म्हणजे गेलेला, यापासून आला असे मानले जाते. ‘गत’ विशेषणासारखे चालत असे, म्हणून आजही करेगा, करेगी, करेंगे असे लिंग आणि वचन त्या शेपटाला चिकटलेले दिसते. आठशे मैलांच्या प्रवासानंतर पेटीवर उरलेल्या जुन्या चिठ्ठीसारखे.

तरीही ‘जाणे’ दिसले की पुढे भविष्यकाळ येणारच, असे गृहीत धरणाऱ्याची कॅटलान भाषा फजिती करते. स्पेनच्या ईशान्येकडील या भाषेत ‘वाच कान्ता’ या रचनेत ‘मी जातो’ आणि ‘गाणे’ असे दोन शब्द शेजारी बसले आहेत. शेजारची स्पॅनिश अशाच रचनेत मध्ये एक ‘आ’ घालते आणि अर्थ होतो ‘मी गाणार आहे’. कॅटलानमध्ये मात्र त्याचा अर्थ आहे: मी गायलो.