माझे पीक गेले, तरी विमा का मिळाला नाही? पीक विम्याचा हिशेब, पैसे भरण्याआधी समजून घ्या

प्रधानमंत्री पीक विमा योजनेबद्दल गावात सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार एकच असते: "हप्ता दरवर्षी कापला, पीक डोळ्यांसमोर गेले, पण खात्यात काहीच आले नाही." या तक्रारीमागे कधी अर्जातली चूक असते, कधी उशीर असतो. पण बऱ्याच वेळा कारण योजनेच्या रचनेतच असते आणि ते हप्ता घेताना कोणी सांगत नाही. म्हणून या लेखात भरपाईचा हिशेब कसा होतो तेवढेच नीट पाहू. तो कळला की विमा घ्यायचा की नाही हे आपल्यालाच ठरवता येईल.

विमा आपल्या शेताचा नसतो, क्षेत्राचा असतो

ट्रॅक्टरचा विमा काढला तर त्या एका ट्रॅक्टरचे नुकसान पाहिले जाते. पीक विम्याची मुख्य भरपाई तशी ठरत नाही. शासन प्रत्येक पिकासाठी एक विमा क्षेत्र ठरवते. काही राज्यांत प्रमुख पिकांसाठी ते गाव किंवा ग्रामपंचायत असते. महाराष्ट्रात बहुतेक प्रमुख पिकांसाठी ते महसूल मंडळ असते, म्हणजे त्यात अनेक गावे येतात. त्या संपूर्ण क्षेत्राचे सरासरी उत्पन्न किती घटले यावर भरपाई ठरते. घट ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर त्या क्षेत्रातील त्या पिकाच्या प्रत्येक विमाधारकाला हेक्टरी सारखाच दर मिळतो. मर्यादेच्या आत असेल तर कोणालाच मिळत नाही.

असे का केले? देशातील कोट्यवधी लहान शेतांचे एकेक पंचनामे करणे शक्य नसते आणि तसे केले तर हप्ता लहान शेतकऱ्याला परवडणार नाही. क्षेत्राच्या सरासरीमुळे हप्ता कमी राहतो. त्याची किंमत मात्र अशी, की आपले नुकसान आणि भरपाई यांचा मेळ दर वेळी बसत नाही.

उंबरठा उत्पन्न म्हणजे काय?

भरपाई कोणत्या रेषेखाली सुरू होते, त्या रेषेला उंबरठा उत्पन्न म्हणतात. मागील ७ वर्षांपैकी सर्वांत चांगल्या ५ वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी काढतात आणि तिला जोखीमस्तराने गुणतात. जोखीमस्तर ७०, ८० किंवा ९० टक्के असू शकतो. महाराष्ट्रात तो ७० टक्के ठेवला आहे.

एक उदाहरण करून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. एका मंडळात सोयाबीनचे मागील ७ वर्षांचे हेक्टरी उत्पन्न असे आहे: १२००, ९००, १४००, ६००, १३००, ११०० आणि १५०० किलो. यातील ९०० आणि ६०० ही दोन वाईट वर्षे वगळली जातात. उरलेल्या पाच वर्षांची सरासरी १३०० किलो येते. तिचे ७० टक्के म्हणजे ९१० किलो. हे त्या मंडळाचे उंबरठा उत्पन्न.

आता यंदा पाऊस मध्येच महिनाभर खंडला आणि मंडळाचे सरासरी उत्पन्न ७२८ किलो आले असे समजू. उंबरठ्यापेक्षा तूट १८२ किलो, म्हणजे ९१० च्या २० टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये असेल तर भरपाई हेक्टरी १०,००० रुपये.

या मंडळातील दोन एकरांच्या, म्हणजे ०.८ हेक्टरच्या शेतकऱ्याची संरक्षित रक्कम ४०,००० रुपये होते. खरिपातील अन्नधान्य व तेलबियांसाठी शेतकऱ्याचा हप्ता संरक्षित रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के असतो, म्हणजे ८०० रुपये. त्याला भरपाई मिळेल ८,००० रुपये. (रब्बीच्या अन्नधान्य व तेलबियांसाठी हप्ता १.५ टक्के, तर कापूस, कांदा यांसारख्या नगदी व बागायती पिकांसाठी ५ टक्क्यांपर्यंत असतो. उरलेला हप्ता केंद्र व राज्य शासन भरतात.)

हा हिशेब आपल्याला काय सांगतो

पहिली गोष्ट. वरच्या उदाहरणात ज्याचे शेत पूर्ण गेले त्यालाही ८,००० रुपये आणि ज्याचे पीक विहिरीच्या पाण्यावर वाचले त्यालाही ८,००० रुपयेच. मंडळाचे उत्पन्न ७२८ ऐवजी ९५० किलो आले असते तर पूर्ण नुकसान झालेल्यालाही काही मिळाले नसते. शेजारच्या मंडळाला मिळाले आणि आपल्याला नाही, असे होते ते यामुळेच. बांधापलीकडचे गाव दुसऱ्या मंडळात असेल तर त्याचा हिशेब वेगळा होतो.

दुसरी गोष्ट. चांगल्या वर्षांची सरासरी १३०० किलो असताना उत्पन्न ९१० पर्यंत खाली आले तरी भरपाई नाही. म्हणजे सुमारे तीस टक्क्यांपर्यंतची घट आपल्यालाच सोसायची आहे. हा विमा बेताच्या वर्षासाठी नाही, सगळ्या मंडळाला झोपवणाऱ्या वर्षासाठी आहे.

तिसरी गोष्ट. सगळा हिशेब यंदाच्या उत्पन्नाच्या आकड्यावर उभा आहे. हा आकडा पीक कापणी प्रयोगांतून येतो. महसूल मंडळ हे विमा क्षेत्र असेल तर एका पिकाचे किमान १० प्रयोग व्हावे लागतात, गाव किंवा ग्रामपंचायत असेल तर प्रमुख पिकाचे किमान ४. शेते आधीच चिठ्ठी पद्धतीने निवडलेली असतात. त्यात ठरलेल्या मापाचा तुकडा आखून तेवढेच पीक कापतात, मळतात आणि वजन करतात. भात, गहू आणि सोयाबीनमध्ये आता उपग्रहाच्या चित्रांवरून काढलेल्या अंदाजालाही किमान ३० टक्के वजन दिले जाते. आकड्याबद्दल शंका असेल तर ती कापणीच्या वेळीच तपासावी लागते. आपल्या गावात प्रयोग कोणत्या गट क्रमांकात आणि कोणत्या दिवशी आहे, हे कृषी सहायक किंवा तलाठ्याकडे विचारून ठेवा. पीक घरी आल्यावर त्या आकड्याची खातरजमा करण्यासारखे शेतात काही उरत नाही.

मग ७२ तासांत कळवा, असे का सांगतात?

योजनेत मुख्य संरक्षणाशिवाय काही जोड संरक्षणेही आहेत. गारपीट, ढगफुटी, भूस्खलन, शेतात पाणी साचणे किंवा वीज पडून लागलेली आग यांमुळे ठरावीक शेतांचेच नुकसान झाले, तर त्या शेताची वैयक्तिक पाहणी होते. कापून शेतात वाळत ठेवलेल्या पिकाचे १४ दिवसांच्या आत गारपीट, चक्रीवादळ किंवा अवकाळी पावसाने नुकसान झाले तरी तसेच. अशा वेळी नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवावे लागते. ते क्रॉप इन्शुरन्स ॲपवर, १४४४७ या मदत क्रमांकावर, विमा कंपनीला, बँकेला किंवा कृषी कार्यालयात कळवता येते. मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तो नसेल तर आपण कळवले होते हे नंतर सिद्ध करणे अवघड जाते.

पण ही जोड संरक्षणे घ्यायची की नाही हे प्रत्येक राज्य ठरवते. महाराष्ट्राने खरीप २०२५ पासून ती वगळली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर आधारित उत्पन्नापुरती ठेवली. त्याच हंगामापासून एक रुपयात विमाही बंद झाला आणि शेतकऱ्याचा २, १.५ आणि ५ टक्क्यांचा हिस्सा पुन्हा सुरू झाला. मध्य प्रदेश किंवा कर्नाटकात शेती असलेल्यांनी तिथल्या राज्याची अधिसूचना पाहावी. असा निर्णय पुढच्या हंगामात बदलू शकतो, म्हणून दर हंगामाला विचारा: "यंदा वैयक्तिक पाहणी आहे की फक्त मंडळाची सरासरी?"

आणखी एक गल्लत टाळा. अतिवृष्टीनंतर तलाठी पंचनामा करतो तो आपत्ती मदतीसाठी. विमा कंपनीला दिलेली सूचना ती नव्हे. त्याचप्रमाणे गावाची पैसेवारी ५० पैशांपेक्षा कमी आली म्हणून विमा मिळेल असे नाही. पैसेवारीचा आणि उंबरठा उत्पन्नाचा हिशेब वेगवेगळा आहे.

अर्ज कुठे अडतो

विमा सोयाबीनचा आणि ई-पीक पाहणीत तूर नोंदलेली, असे असेल तर दावा अडतो. क्षेत्र सातबाऱ्यापेक्षा जास्त दाखवले तरी अडतो. म्हणून पेरले तेच आणि तेवढेच लिहा आणि ई-पीक पाहणी स्वतः करून घ्या. महाराष्ट्रात आता शेतकरी ओळख क्रमांकही लागतो. बँक खाते आधारशी जोडलेले आहे का ते आधीच पाहा.

कर्जदार शेतकऱ्याला २०२० च्या खरिपापासून हा विमा सक्तीचा नाही. मात्र नको असेल तर अंतिम तारखेच्या किमान ७ दिवस आधी बँकेला लेखी कळवावे लागते. न कळवल्यास हप्ता कापला जातो. सामाईक सेवा केंद्रावर अर्ज भरल्यास हप्त्यापलीकडे पैसे देऊ नका. त्या केंद्राचे शुल्क विमा कंपनी देते.

घ्यावा की नाही, हे कसे ठरवाल

कृषी कार्यालयात तीन आकडे विचारा: आपल्या मंडळाचे आपल्या पिकासाठीचे उंबरठा उत्पन्न, मागील काही वर्षांचे प्रत्यक्ष उत्पन्न आणि यंदाची हेक्टरी संरक्षित रक्कम. मग उत्पन्न किती वेळा उंबरठ्याखाली गेले ते मोजा. वरच्या उदाहरणात ७ वर्षांत ते दोनदा गेले आहे: एकदा ९०० वर, म्हणजे अगदी थोडे, आणि एकदा ६०० वर, म्हणजे बरेच. आजच्या उंबरठ्याने पाहिले तर पहिल्या वर्षी हेक्टरी सुमारे ५५० रुपये मिळाले असते, दुसऱ्या वर्षी सुमारे १७,०००. सात वर्षांचा हप्ता हेक्टरी ७,००० झाला असता.

आपली शेती मंडळातील इतरांसारखीच कोरडवाहू असेल तर आपले वाईट वर्ष आणि मंडळाचे वाईट वर्ष बहुधा एकच असते. तिथे हा विमा उपयोगी पडतो. पण आपले शेत नदीकाठी असेल आणि मुख्य भीती पाणी शिरण्याची असेल, तर मंडळाच्या सरासरीत ते नुकसान बुडून जाईल. अशा शेतकऱ्याने आपल्या राज्यात वैयक्तिक पाहणीचे संरक्षण आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

अर्जाची पावती, स्थिती आणि आपल्या जिल्ह्याची विमा कंपनी pmfby.gov.in वर पाहता येते. पावतीवरील पीक, गट क्रमांक, क्षेत्र आणि खाते क्रमांक त्याच दिवशी तपासा. चूक सापडली तर अंतिम तारखेपूर्वी ती दुरुस्त करून घेता येते.