फ्लॅटचा करार समजून घेताना आधी शब्दांची यादी का करावी?

समजा, करारात कार्पेट एरिया ४५० चौरस फूट आणि बाल्कनी ५० चौरस फूट आहे. घरातला एक जण सारांशात लिहितो, 'क्षेत्रफळ ४५०'. दुसरा लिहितो, 'क्षेत्रफळ ५००'. आकडे दोघांनीही करारातूनच घेतले, पण 'क्षेत्रफळ' म्हणजे काय हे ठरवलंच नव्हतं.

२०१६च्या रेरा कायद्यानुसार कार्पेट एरियात घरातल्या आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि फ्लॅटची स्वतःची उघडी गच्ची धरत नाहीत. म्हणून दोन्ही सारांशांत 'कार्पेट एरिया ४५०, बाल्कनी वेगळी ५०' असंच लिहायला हवं.

यादी कशी करायची?

कराराच्या सुरुवातीचं व्याख्यांचं कलम आधी वाचा. मग पुढची कलमं आणि परिशिष्टं चाळा, कारण काही व्याख्या अवतरणचिन्हांत किंवा ठळक अक्षरांत तिथेच दडलेल्या असतात. प्रत्येक शब्दापुढे सोपा अर्थ आणि कलम क्रमांक लिहा.

व्याख्येत 'म्हणजे' आहे की 'यात समावेश आहे', हेही नोंदवा. 'म्हणजे' असेल तर अर्थ सहसा तेवढ्यापुरताच असतो. 'समावेश' असेल तर यादीबाहेरच्या गोष्टीही त्यात येऊ शकतात.

'ताब्याची तारीख' लिहिताना मुदतवाढीच्या अटीचा कलम क्रमांकही जोडा, नाहीतर सारांशातली तारीख पक्की वाटेल.

एखाद्या महत्त्वाच्या शब्दाची व्याख्या सापडलीच नाही, तर अंदाजाने अर्थ लिहू नका. 'व्याख्या नाही' असं लिहा आणि सही करण्याआधी वकिलाला विचारा.