सुरक्षा रंग व सुरक्षा चिन्हे

सुरक्षा चिन्हे म्हणजे कामाच्या ठिकाणी मनाई, धोका, सक्ती किंवा सुटकेचा मार्ग ठरावीक रंग, आकार व चित्र यांद्वारे दर्शवणारे फलक होत. त्यांचे रंग व आकार आंतरराष्ट्रीय स्तरावर आयएसओ ३८६४ या, तर भारतात भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ९४५७ या मानकाने ठरवले आहेत.

रंगांचे अर्थ

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील कापसाच्या जिनिंग कारखान्यांच्या उदाहरणावरून हे अर्थ स्पष्ट होतात. कापूस लवकर पेट घेतो. म्हणून तेथे विडी-काडीस मनाई करणारे चिन्ह लागते. ते पांढऱ्या पार्श्वभूमीवरील लाल वर्तुळ असून त्यावर तिरपी लाल पट्टी असते. सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राच्या फिरत्या रुळांत हात सापडण्याचा धोका काळ्या कडेच्या पिवळ्या त्रिकोणाने दर्शवतात. तंतूंच्या धुळीपासून बचावासाठी मुखपट्टीची सक्ती निळे वर्तुळ सांगते. बाहेर पडण्याचा मार्ग व प्रथमोपचार पेटी हिरव्या चौकोनाने दाखवतात. अग्निशामक साधनांची जागा मात्र लाल चौकोनाने दर्शवली जाते. म्हणजे लाल रंगाचा नेमका अर्थ आकारावरून ठरतो.

आकाराचा दुसरा उपयोग असा की, लाल व हिरव्या रंगांत फरक करू न शकणाऱ्या कामगारालाही चिन्ह ओळखता येते. चित्रामुळे मराठी, अहिराणी वा अन्य भाषा बोलणाऱ्यांसाठी निरनिराळा मजकूर लिहिण्याची गरज कमी होते.

लाल व हिरव्यातील विसंगती

कारखाने अधिनियम, १९४८ च्या मूळ कलम ३८ नुसार आगीच्या वेळी वापरायचे, नेहमीच्या वापरात नसलेले मार्ग बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लाल अक्षरांनी किंवा अन्य परिणामकारक खुणेने दर्शवणे आवश्यक होते. १९८७ च्या दुरुस्तीत हे कलम नव्याने लिहिले गेले. मानकानुसार लाल रंग मनाईचा असल्याने, एकाच इमारतीत जुनी लाल व नवी हिरवी पाटी राहिल्यास धुरात दाराविषयी संभ्रम होऊ शकतो.

रंगछटा व आकारमान

केवळ ‘लाल’ वा ‘हिरवा’ असे म्हणणे पुरेसे नसते. मानकात प्रत्येक रंगाची अनुज्ञेय मर्यादा रंगमापनाच्या अंकांत दिलेली असते. पिवळा, निळा व हिरवा रंग चिन्हाच्या किमान निम्म्या क्षेत्रावर, तर मनाईच्या चिन्हात लाल किमान ३५ टक्के क्षेत्रावर असावा लागतो. उन्हाने लाल रंग फिकट होऊन या मर्यादेबाहेर जाऊ शकतो. नव्या फलकाशेजारी धरल्यास हा फरक लक्षात येतो.

आकारमानासाठी एक ढोबळ सूत्र वापरतात: पाहण्याच्या अंतराच्या मीटरमधील वर्गाला २,००० ने भागल्यास किमान क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये मिळते. १० मीटरवरून दिसण्यासाठी ०.०५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २२ सेंटिमीटर बाजूचा चौरस लागतो. २० मीटरसाठी बाजू दुप्पट होते व क्षेत्रफळ चौपट. हे सूत्र सुमारे ५० मीटरपेक्षा कमी अंतरासाठीच आहे.